अण्णांच्या निरोपाचं भाषण एआयनं लिहून दिलंय, पण त्यात अण्णाच नाहीत

घाटवाट

नमस्कार मंडळी. मी एसटीत आहे. आधी वाहक होतो, आता वाहतूक नियंत्रक. आमच्या आगारातले एक चालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, या महिनाअखेरीस 58 पूर्ण करून निवृत्त होताहेत. 2003 ते 2009 अशी सहा वर्षं आमची जोडी होती. कोल्हापूरहून गगनबावडा, पुढे भुईबावडा घाट उतरून खाली मुक्काम आणि पहाटे परत. त्यामुळे कार्यक्रमात बोलायचं काम माझ्याकडे आलंय.

दोन रात्री कोरा कागद घेऊन बसलो, काही सुचेना. शेवटी मुलीनं फोनवरच्या एआयला सांगितलं, एसटी चालकाच्या निरोप समारंभाचं मराठी भाषण लिही. अर्ध्या मिनिटात हे आलं (सुरुवात आणि शेवट तेवढा देतो):

"आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय उपस्थित आणि आपल्या सर्वांचे लाडके अण्णा, आज आपण एका अत्यंत भावनिक क्षणाचे साक्षीदार आहोत. अण्णा हे केवळ एक चालक नव्हते, तर ते आपल्या आगाराचा आधारस्तंभ होते. आपल्या प्रदीर्घ, निष्कलंक आणि विनाअपघात सेवेत त्यांनी लाल परीच्या माध्यमातून लाखो प्रवाशांना सुखरूप पोहोचवले. ऊन, वारा, पाऊस यांची तमा न बाळगता त्यांनी समर्पण, शिस्त आणि सेवाभाव यांचा आदर्श घालून दिला. त्यांचे प्रसन्न स्मितहास्य सदैव आपल्या स्मरणात राहील... निवृत्ती हा शेवट नसून एका नव्या प्रवासाची सुरुवात आहे."

वाचल्यावर वाटलं, झालं काम. मग बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाबद्दल आहे हे?"

आणि स्मितहास्य! अण्णांना हसताना मी सहा वर्षांत दोनदा पाहिलंय. हे दुरुस्त कसं करू? आठ दिवस हातात आहेत.

बोरूबहाद्दर

दुरुस्त कशाला करताय? फाडून टाका. सहा वर्षं ज्याच्याबरोबर एका गाडीत झोपलात त्याच्याबद्दल चार ओळी मशीनकडून घ्याव्या लागतात, यातच सगळं आलं.

घाटवाट

बोरूबहाद्दर, बरोबर आहे तुमचं, पण आठवणी नाहीत असं नाही. कागदावर उतरवताना हात जड होतो. "अण्णा माणूस चांगला" एवढं लिहिलं की पेन थांबतं.

कोडकुशल

सोपं आहे. तुमची सूचना अर्धवट होती. त्याला मुद्दे द्या: नाव, वर्षं, मार्ग, दोन-तीन प्रसंग. आणि सांगा की भावपूर्ण आणि वैयक्तिक कर. बघा कसं छान गुंफून देतो.

शालन_आकाशवाणी

मी नभोवाणीवर निवेदन केलंय आणि निवृत्तीनंतर सूत्रसंचालन करते. निरोपाची भाषणं शेकड्यांनी ऐकली. घाटवाट, तुमच्या मसुद्यात अण्णांच्या जागी तुमच्या आगाराच्या लेखाकाराचं नाव घालून बघा. "लाल परी" आणि "विनाअपघात" सोडलं तर काही बदलावं लागतं का? नाही लागत. म्हणून वहिनींनी तसं विचारलं.

त्यामुळे तो कागद समोर ठेवून शब्द बदलत बसू नका. आधारस्तंभाच्या जागी आधारवड घातला तरी अण्णा येणार नाहीत. कागद बाजूला ठेवा. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, घरात कुणीतरी समोर बसवा आणि त्या माणसाला सांगा. लिहायला बसलं की आपण शाळेतल्या निबंधाच्या भाषेत जातो. बोलताना तसं जात नाही. तुमचा हात जड होतो म्हणालात, तोंड जड होणार नाही.

सांगताना चार गोष्टींवर या. अण्णांच्या तोंडचं कुठलं वाक्य तुम्हाला जसंच्या तसं आठवतं? हातानं ते काय करायचे जे दुसरा चालक करत नव्हता? कशावर चिडायचे? आणि असं काय आहे जे फक्त तुम्ही दोघांनीच पाहिलं? गुण सांगू नका. गुण ऐकणारे आपले आपण काढतात.

दहावी_अ_वर्गशिक्षिका

खूप उपयुक्त धागा. आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांचा निरोप समारंभ आहे, मुख्याध्यापकांसाठी पाच मिनिटांचं भाषण हवंय. कुणाकडे तयार असेल तर टाका.

घाटवाट

ताई, इथं माझंच तयार नाही.

कोडकुशल, तुमचं ऐकून काल करून पाहिलं. मुद्दे दिले: "जुलै 2004, भुईबावडा घाट, रात्र, वायपर बंद, तंबाखूनं काच पुसली." हे आलं:

"जुलै 2004 ची ती काळरात्र आजही अंगावर शहारे आणते. मुसळधार पावसात वायपरने साथ सोडली, तेव्हा अण्णांनी प्रसंगावधान राखून तंबाखूच्या साहाय्याने काच स्वच्छ केली. गाडी सुखरूप पोहोचताच प्रवाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हा प्रसंग त्यांच्या कल्पकतेची आणि कर्तव्यनिष्ठेची साक्ष देतो."

टाळ्या? गाडीत 11 माणसं होती. निम्मी झोपलेली, एक बाई खिडकीतून उलटी करत होती. काळरात्र वगैरे काही नाही, गगनबावड्याला जुलैत रोजच तसा पाऊस असतो. मी ते वाचलं आणि पाच मिनिटं मलाच वाटायला लागलं की टाळ्या वाजल्या असतील. ते जास्त खटकलं.

कोडकुशल

"काहीही नवीन घालू नकोस" असं सांगायला हवं होतं. तो रिकाम्या जागा भरतो, हे खरंय.

शालन_आकाशवाणी

ते सांगितलं तर टाळ्या जातील, पण "साक्ष देतो" राहील. आणि खरी गोम तिथेच आहे. प्रसंग झाला की त्याला अर्थाची शेपटी जोडायची सवय. यंत्राला ती आपल्याकडूनच लागली, आपल्या समारंभांत हेच चालतं. ज्या सभागृहात निम्मे लोक घाटात गाडी चालवणारे आहेत, त्यांना ओल्या तंबाखूचा अर्थ तुम्ही समजावणार का?

शिवाय काय गळालं ते बघा. उलटी करणारी बाई गळाली, झोपलेली माणसं गळाली. त्यांच्यामुळेच ती रात्र तुमची होती.

माळरान

माझे वडील वाहक होते, त्यामुळे दोन शब्दांवर बोलतो. पहिला, "लाल परी". आमच्या घरात हा शब्द कुणी वापरला नाही. वडील कायम "गाडी" म्हणायचे. "आज गाडी कुठली?" "मुक्कामाची." पेपरवाले म्हणतात लाल परी. आगारातल्या माणसाच्या तोंडी आला की तो बाहेरचा वाटतो.

दुसरा जास्त महत्त्वाचा. "विनाअपघात" हे तुम्ही तपासलंत का? एसटीत तो शोभेचा शब्द नाही. विनाअपघात सेवेबद्दल चालकाचा सत्कार होतो, बिल्ला मिळतो. अण्णांना मिळालाय का? नसेल तर अख्ख्या आगाराला का ते माहीत असणार, आणि तुम्ही माइकवर ते वाक्य म्हणाल तेव्हा सगळे खाली बघतील.

घाटवाट

माळरान, घाम फुटला वाचून. नाही मिळालेला. 2006 मध्ये घाटातल्या एका वळणावर गाडी गटारात उतरली होती. कुणी गेलं नाही, पण दोघांना लागलं. चौकशी झाली. मी त्या दिवशी रजेवर होतो. मुलीला हे काय माहीत, तिनं ते वाक्य तसंच ठेवलं आणि मीही तीनदा वाचून त्यावरून पुढे गेलो. बाकीच्या गोड शब्दांत ते वितळून गेलं होतं.

"निष्कलंक" आणि "विनाअपघात" दोन्ही काढले.

सिस्टर_निशा

आमच्या रुग्णालयातला प्रसंग सांगते. एका वॉर्डबॉयच्या निरोपाला एका डॉक्टरांनी भाषण केलं. त्यात होतं, "यांनी तीस वर्षांत कधी सणासुदीला रजा मागितली नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. ती रडायला लागली आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. नंतर मला म्हणाली, "ते मलाच माहीत आहे हो, रजा का नाही मागितली ते, आणि कुणी भोगलं ते." तेव्हापासून मी म्हणते, भाषण आधी घरच्या एका माणसाला ऐकवा. तुम्हाला जी स्तुती वाटते ती घरात भांडणाची जुनी जागा असू शकते.

घाटवाट

हे डोक्यातच नव्हतं. वहिनी मंचावर असणारच, आमच्याकडे शालश्रीफळ जोडीनं देतात.

शालनताई, तुम्ही सांगितलं तसं रेकॉर्डिंग केलं. बायकोला समोर बसवलं. वीस मिनिटं बोललो, मलाच आश्चर्य वाटलं. त्यातलं उतरवून देतो, जसं बोललो तसं:

"अण्णा बोलायचाच नाही गं. पयल्या दिवशी मी नमस्कार केला तर म्हणला, दार नीट लाव. तेवढंच. ...त्या रात्री वायपर गेला तवा गाडी कडंला घेतली, खिशातनं तंबाखूची पुडी काढली, पावसातच भिजवली हातावर आणि काचंला बाहेरनं चोळली. मी म्हणलं हे काय. म्हणला, पाणी थेंब धरत नाय मग, सरळ वघळतं. पुडी सगळी संपली. आणि मुक्कामाला गेल्यावर त्याला खायला तंबाखूच नव्हती, तर रात्रभर झोपला नाही, चिडचिड नुसती. ...पहिल्या महिन्यात माझा हिशोब 180 रुपयांनी कमी आला. रोकड भरताना. तवा मशीन नव्हती, पेटी आणि पंच, कुठं चुकलो कळंना. भरावं तर लागतंच. खिशात तीस रुपये. अण्णानं मागून हात पुढं केला, पैसे दिलं, काय बोलला नाय. पगाराच्या दिवशी मात्र समोर हजर. मोजून 180 घेतलं. मी 200 दिलं, म्हणलं ठेवा, तर वरचे 20 परत दिलं. म्हणला, उसनं ते उसनं. मग त्याच 20 चा मला चहा आणि भजी चारली. म्हणजे माझ्याच पैशांनी! ...आणि त्या एका वळणावर हॉर्न. रात्री दोन वाजता, चिटपाखरू नाही, तरी हॉर्न मारणारच. लांबलचक. मी झोपेतनं उठायचो. ...आणि ती परीक्षेची पोरगी, तिच्यासाठी दहा मिनिटं गाडी थांबवून ठेवली, उशीर झाला म्हणून साहेबांनी झापलं."

बायको भजीच्या गोष्टीला खूप हसली. हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं.

शालन_आकाशवाणी

आता तुमच्याकडे भाषण आहे. फक्त कापायचं राहिलं.

एक प्रश्न. परीक्षेच्या मुलीच्या वेळी तुम्ही गाडीवर होतात?

घाटवाट

नाही. ऐकलेलं आहे. दुसऱ्या वाहकाच्या तोंडून.

शालन_आकाशवाणी

मग ती सोडा. ज्याची आठवण आहे त्याला बोलू द्या. शिवाय अशी परीक्षेची मुलगी महाराष्ट्रातल्या प्रत्येक चांगल्या एसटी चालकाच्या गोष्टीत असते. खोटी असते असं नाही, पण ऐकणाऱ्याला ती अण्णांची वाटणार नाही. भजी दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत नाहीत.

वेळेचं गणित सांगते. मंचावरून, समजेल अशा गतीनं मराठी वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. हसण्याच्या जागा धरल्या तर त्याहून कमी. तुमच्या आधी दोघं-तिघं बोलणार, नंतर साहेब, मग अण्णा. साडेतीन-चार मिनिटांच्या वर जाऊ नका. म्हणजे चारशे शब्दांच्या आत. त्यात दोन प्रसंग नीट बसतात. तीन घातले की तिन्ही धावत जातात.

भाषा बोललात तशीच ठेवा, पण "अण्णा म्हणला" चं "अण्णा म्हणाले" करा, समोर वहिनी आणि मुलं असतील. त्यांच्या तोंडची वाक्यं मात्र अजिबात शुद्ध करू नका. "दार नीट लाव" चं "कृपया दरवाजा व्यवस्थित बंद करा" केलं की अण्णा गेले.

माळरान

मला हॉर्नवर विचारायचंय. ते वळण कुठलं? 2006 चंच का?

घाटवाट

...हो. तेच. आणि तुम्ही विचारेपर्यंत मी हे दोन्ही एकत्र जोडलं नव्हतं. आधी ते तिथं हॉर्न मारायचे का ते आठवून बघतोय. बहुतेक नाही. 2006 नंतरच.

बोरूबहाद्दर

मग तेच भाषण आहे. बाकी तंबाखू आणि भजी ठीक आहेत, हशा येईल. पण माणूस तो हॉर्नमध्ये आहे. सांगा.

सिस्टर_निशा

मी नाही सांगणार. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट दुपार, तीही निवृत्तीच्या दिवशी, नातवंडांसमोर? तुम्हाला ती सुंदर वाटते कारण ती तुमची चूक नव्हती.

बोरूबहाद्दर

चूक झाली म्हणून कुठं म्हणायचंय? नुसता हॉर्न सांगायचा. ज्याला कळायचं त्याला कळेल.

सिस्टर_निशा

आगारात सगळ्यांनाच कळेल. म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

कोडकुशल

संपाबद्दल काही घालणार का? 2021-22 चा एवढा मोठा काळ गेला, नोंद तर हवी ना.

घाटवाट

नको बाबा. समोर बसलेले निम्मे लोक त्या सहा महिन्यांत एकमेकांशी बोलत नव्हते. कोण कधी कामावर परत आलं याचा हिशोब अजून काहींच्या डोक्यात आहे. अण्णांचा दिवस आहे तो.

आज संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो. ते बाजारात गेले होते, वहिनींना बरं सापडलो. तंबाखू आणि भजी ऐकवली. त्या म्हणाल्या, "तंबाखूचं सांगा, पण आता सोडलीय असंही सांगा, सून नवीन आहे." हॉर्नचं विचारलं. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते नका काढू भाऊजी."

तर ते गाळलं. मसुदा टाकतो. कापाकापी करा.

"आगार व्यवस्थापक साहेब, मंचावरची मंडळी, वहिनी आणि मित्रांनो,

मी 2003 साली वाहक म्हणून अण्णांच्या गाडीवर आलो. पहिल्या दिवशी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, 'दार नीट लाव.' पुढच्या सहा वर्षांत आमचं साधारण एवढंच बोलणं झालं.

पहिल्याच महिन्यात माझा हिशोब 180 रुपयांनी कमी आला. मशीन नव्हती तेव्हा. पेटी, पंच आणि नशीब. रोकड भरायच्या खिडकीपाशी उभा होतो आणि खिशात तीस रुपये होते. मागून एक हात पुढे आला. हातात पैसे. अण्णा काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पगाराच्या दिवशी अण्णा समोर हजर. मी 200 रुपये दिले, म्हटलं वरचे राहू द्या. त्यांनी 20 परत दिले. म्हणाले, 'उसनं ते उसनं.' आणि मग त्याच 20 रुपयांत मला चहा-भजी खायला घातली. माझ्याच पैशांनी पाहुणचार झालेला मी या आगारातला एकमेव वाहक असेन.

2004 चा जुलै. भुईबावडा घाट, रात्रीची गाडी, आत 11 माणसं, निम्मी झोपलेली, एका मावशींना गाडी लागलेली. वायपर बंद पडला. अण्णांनी गाडी कडेला घेतली, खिशातनं तंबाखूची पुडी काढली, पावसातच तळहातावर भिजवली आणि बाहेरून काचेला चोळली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, 'आता पाणी थेंब धरत नाही. वघळतं.' खरंच ओघळलं. आम्ही खाली पोहोचलो. मावशी उतरताना म्हणाल्या, लई हळू आणली गाडी.

पण पुडी संपली होती. त्या रात्री मुक्कामाला अण्णांना तंबाखू नाही. ते झोपले नाहीत आणि मलाही झोपू दिलं नाही. त्या एका रात्रीत अण्णा माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं उरलेल्या सहा वर्षांत बोलले नसतील. गावाकडची जमीन, वडील, वहिनींचं माहेर, सगळं मला त्या रात्री कळलं. वहिनी, आता त्यांनी तंबाखू सोडलीय. म्हणजे घरात बोलत असतील अशी आशा आहे.

अण्णा, उद्या पहाटे उठू नका असं मी सांगणार नाही. तुम्ही उठणारच. फक्त वहिनींना उठवू नका.

दार मी नीट लावून घेतो."

शालन_आकाशवाणी

मावशींचं "लई हळू आणली गाडी" तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं सांगितलं. आठवलं की घातलं?

घाटवाट

आठवलं. दोनदा विचारलं स्वतःला. ती तक्रार करत होती, म्हणून लक्षात राहिली.

शालन_आकाशवाणी

मग राहू द्या. टाळ्यांच्या जागी तक्रार आली, यातच खरेपण आहे.

दोनच सुचवण्या. "पेटी, पंच आणि नशीब" हे लिहिलेलं वाटतं, बोललेलं नाही. तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये "कुठं चुकलो कळंना" म्हणालात, ते घ्या. दुसरी, "एकमेव वाहक असेन" हे वाक्य काढा. "माझ्याच पैशांनी" वर लोक हसतील. त्यांच्या हसण्यावर तुम्ही बोलत राहिलात तर पुढचं ऐकू येणार नाही. तिथं थांबा. कागदावर तिरकी रेघ मारून ठेवा.

कागद मोठ्या अक्षरात हातानं लिहा. फोनवरून वाचू नका, पडदा मध्येच काळा होतो आणि माणूस गोंधळतो.

माळरान

शेवटी डबल बेल द्या ना! वाहकाच्या तोंडी किती छान दिसेल, टण-टण, जाऊ द्या.

घाटवाट

माळरान, गेल्या वर्षीच्या तिन्ही निरोपांत कुणी ना कुणी डबल बेल दिलीय. आता ती वाजली की मागची पोरं घड्याळ बघतात.

कोडकुशल

एक नोंदवतो. एआयच्या मसुद्यातलं मंचाचं संबोधन, मग ओळख, मग प्रसंग, मग थेट अण्णांशी बोलणं, हा क्रम तुम्ही तसाच ठेवलाय. म्हणजे अगदीच फुकट गेला नाही तो.

बोरूबहाद्दर

तो क्रम तर ग्रामपंचायतीच्या सत्कारातही असतो. त्यासाठी यंत्र कशाला?

घाटवाट

भांडू नका. मला उपयोग झाला तो वेगळ्याच कारणानं. ते स्मितहास्य वाचलं आणि चिडून म्हणालो, "अरे हा माणूस हसत नाही." अण्णांबद्दल माझ्या तोंडून आलेलं पहिलं खरं वाक्य ते. कोऱ्या कागदानं मला कधी चिडवलं नव्हतं.

घाटवाट

(पाच दिवसांनी) कार्यक्रम झाला. सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

भजीवर हसले, अपेक्षेपेक्षा जास्त. तंबाखूच्या पुडीवर जुन्या चालकांनी माना हलवल्या, नव्या पोरांना कळलंच नाही, त्यांना वायपर बंद पडणं माहीत नाही. "फक्त वहिनींना उठवू नका" म्हणायचं विसरलो, थेट दारावर गेलो. अण्णा हसले नाहीत. पण "दार" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

नंतर ते स्वतः उठले. दोन मिनिटंही बोलले नाहीत. साहेबांचे आभार मानले, कारागिरांची नावं घेऊन आभार मानले. मग म्हणाले, "त्या वळणावर मी एकदा चुकलो होतो. नव्या पोरांनी तिथं हॉर्न मारा. रिकामा रस्ता असला तरी." आणि बसले.

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी ते गाळलं ते बरोबर केलं की नाही, अजून कळत नाही.

बोरूबहाद्दर

सांगायला हवं होतंत. त्यांना ते सांगायचंच होतं.

सिस्टर_निशा

त्यांना सांगायचं होतं म्हणूनच तुम्ही न सांगितलेलं बरं झालं. तुम्ही आधी बोलला असतात तर त्यांच्याकडे काय उरलं असतं?

माळरान

मला दोघांचंही पटतंय, त्यामुळे माझा उपयोग नाही. कुठलं वळण ते तरी सांगा, पुढच्या महिन्यात तिकडून जाणार आहे.

घाटवाट

घाट उतरायला लागलात की कळेल. कुणीतरी हॉर्न मारत असेल.

दहावी_अ_वर्गशिक्षिका

खूप छान. पण शाळेसाठीचं अजून कुणी टाकलं नाही. शुक्रवारी कार्यक्रम आहे.

शालन_आकाशवाणी

ताई, नवा धागा काढा. आणि त्यात आधी हे लिहा की या वर्गानं तुम्हाला सगळ्यात जास्त कधी छळलं.